बारा बाय सहाचा बॅनर आणि ३०० डीपीआयचं कोडं

वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी प्रवेशाच्या दालनात एक मोठा बॅनर लावायचं ठरलं आणि ६ जानेवारीच्या बैठकीत ते काम माझ्याकडे आलं. आकार आधीच ठरला होता, १२ फूट रुंद आणि ६ फूट उंच. पूर्ण पार्श्वभूमीला वाचनकक्षाचा एकच फोटो, आणि उजव्या बाजूला त्यावर बसवलेला जुना ग्रुप फोटो, सगळ्या सभासदांचा, तीन फूट रुंद. कार्यक्रम २२ फेब्रुवारीला होता. वेळ भरपूर वाटत होता, पण त्यातला बराचसा मूळ फोटो मिळवण्यात जाणार होता.

छपाईवाल्यांचा ऑर्डरचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात मागवून घेतला. त्यात एक ओळ होती: ‘रेझोल्यूशन ३०० डीपीआय, प्रत्यक्ष आकारात.’ ही ओळ तुम्हालाही कुठे ना कुठे भेटेल, म्हणून तिच्यावर जरा थांबते. डीपीआय म्हणजे दर इंचाला किती ठिपके. १२ फूट म्हणजे १४४ इंच. दर इंचाला ३०० पिक्सेल धरले तर रुंदी ४३,२०० पिक्सेल आणि उंची २१,६०० पिक्सेल. गुणाकार केला की ९३ कोटींच्या वर पिक्सेल होतात. छपाईच्या चार रंगांत अशी फाइल साधारण पावणेचार जीबीची होते. फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल कुठल्याही बाजूला ३०,००० पिक्सेलपर्यंतच जाते, त्यामुळे ती त्यात बसतच नाही. साध्या टिफची मर्यादा ४ जीबी, म्हणजे तिथेही काठावर. आणि २४ मेगापिक्सेलचा चांगला कॅमेरा देतो ६,००० बाय ४,००० पिक्सेल, म्हणजे २ कोटी ४० लाख. फॉर्म शब्दशः पाळायचा, तर जवळजवळ कुणाकडेच तसा फोटो नसतो.

मग हा ३०० आकडा येतो कुठून? तो पुस्तकाचा आकडा आहे. चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा दिसतो. एक मीटरवरून पाहताना हा बारकावा ०.२९ मिलिमीटरचा होतो आणि एका इंचात असे ८७ मावतात. त्यातून एक सोपं सूत्र मिळतं, जे मी पुढे प्रत्येक निर्णयाला वापरलं:

```
लागणारे पिक्सेल प्रति इंच = 87 ÷ पाहण्याचं अंतर (मीटर)
```

पुस्तक आपण ३० सेंटिमीटरवर धरतो. ८७ भागिले ०.३ म्हणजे २९०. झाले आपले ३००. तोच आकडा भिंतीवरच्या बॅनरला लावणं म्हणजे लोक त्याला नाक लावून पाहणार असं धरणं.

त्यामुळे फोटो शोधण्याआधी मी टेप घेऊन दालनात गेले. समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभं राहिलं तर बॅनर तीन मीटरवर येत होता आणि येणारी-जाणारी माणसं साधारण अडीच मीटरवरून पाहणार होती. ८७ भागिले अडीच म्हणजे ३५. पार्श्वभूमीच्या फोटोला दर इंचाला ३५ पिक्सेल मिळाले तरी तिथून पिक्सेल दिसणार नव्हते. ग्रुप फोटोचं मात्र तसं नव्हतं. ग्रुप फोटो कुणी अडीच मीटरवरून पाहत नाही. लोक जवळ जातात, बोट ठेवून ‘हे अण्णा, ह्या आमच्या बाई’ असं करतात. तिथे अंतर ६० सेंटिमीटर धरलं, आणि आकडा आला १४५. एकाच बॅनरवर दोन फोटो आणि दोन वेगळ्या गरजा. सगळ्या बॅनरला मिळून एक डीपीआय ठरवायचा हट्ट मी तिथेच सोडला.

आता मूळ फोटो. वाचनकक्षाचा फोटो समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता आणि सगळ्यांना तोच आवडला होता: लांब टेबल, खिडकीतून तिरपा येणारा उजेड, पुढे चष्मा लावून वाचत बसलेले एक आजोबा. मोबाइलवर सुरेख दिसत होता. गुणधर्म उघडून पाहिले तर १,६०० बाय १,०६७ पिक्सेल. नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करतं, ते हेच. १,६०० पिक्सेल १४४ इंचांवर पसरले तर दर इंचाला ११ येतात, म्हणजे एकेक पिक्सेल २.३ मिलिमीटरचा चौकोन. अडीच मीटरवरूनही आजोबांचा चष्मा पायऱ्यापायऱ्यांचा दिसला असता.

समितीतल्या एका उत्साही सभासदांनी तोच फोटो ‘३०० करून’ परत पाठवला. ही करामत फार प्रचलित आहे, म्हणून ती उघडून दाखवते. फोटोशॉपच्या Image Size चौकटीत Resample वरची खूण काढलेली असेल, तर तिथे ७२ चं ३०० केल्याने फोटोत काहीच बदलत नाही. पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त छापायची रुंदी बदलते. त्यांच्या फाइलमध्ये रुंदी सव्वापाच इंचांच्या थोडी वर आली होती, कारण १,६०० भागिले ३०० इतकंच होतं. खूण ठेवून ३०० केलं आणि रुंदी १४४ इंच दिली, तर फाइल प्रचंड होते, पण दोन्ही बाजूंनी २७ पट ताणल्यामुळे दर ७२९ पिक्सेलांमागे एकच खरा आणि बाकीचे शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले. म्हणून फाइलमध्ये लिहिलेला डीपीआय वाचूच नका. पिक्सेलची रुंदी वाचा, तिला छापायच्या इंचांनी भागा. येतो तो आकडा खरा.

फोटो काढणाऱ्या काकांना फोन केला. मूळ फाइल जुन्या हार्डडिस्कवर होती, आणि ते बाहेरगावी होते. या वाट पाहण्यात जानेवारीचा मोठा भाग गेला. सांगताना एवढंच सांगितलं की फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून जोडा किंवा ड्राइव्हची लिंक द्या, म्हणजे तो आहे तसा येतो. २४ जानेवारीला फाइल आली: ६,००० बाय ४,०००. बॅनरचं प्रमाण दोनास एक, म्हणून वरचं छत आणि खालची फरशी कापून ६,००० बाय ३,००० उरले. ६,००० भागिले १४४ म्हणजे ४१.७. गरज ३५ ची होती. जीव भांड्यात पडला.

ग्रुप फोटो तर कागदावरच होता, ९ बाय ६ इंचांचा. तो बॅनरवर ३६ बाय २४ इंच होणार, म्हणजे चौपट. ६०० वर स्कॅन केला की ५,४०० बाय ३,६०० पिक्सेल मिळतात, आणि ३६ इंचांवर पसरले की दर इंचाला १५०. गरज १४५ ची, म्हणजे हिशेब जुळला. कुतूहल म्हणून १,२०० वरही स्कॅन करून पाहिला. फाइल चौपट झाली, पण चेहरे तसूभरही स्पष्ट झाले नाहीत. कागदाचा पोत आणि धुळीचे कण तेवढे ठळक झाले. ही मर्यादा ध्यानात ठेवायला हवी: स्कॅनर पिक्सेल देतो, बारकावा मूळ प्रिंटमध्ये असेल तेवढाच मिळतो. अशा प्रिंटमध्ये दर इंचाला ३०० च्या आसपास बारकावा धरला, तर चौपट मोठा केल्यावर खरा बारकावा ७५ च्या घरात राहणार. हिशेबात १५० आले तरी जवळून तो थोडा मऊ दिसणार हे मी तेव्हाच समितीला सांगून टाकलं.

आकडे हातात घेऊन छपाईवाल्यांकडे गेले. काउंटरवर ‘फॉर्मप्रमाणे द्या’ एवढंच उत्तर मिळालं. आत मशिनवर बसणाऱ्या ऑपरेटरदादांना विचारलं तेव्हा कळलं की तो फॉर्म व्हिजिटिंग कार्डापासून होर्डिंगपर्यंत सगळ्यांसाठी एकच आहे.

‘मॅडम, फ्लेक्सला शंभराच्या वर मागतच नाही आम्ही,’ ते म्हणाले. ‘तेवढं नसेल तर आहे ते द्या. पण ओढून तीनशे करून नका आणू, मशिनचा कॉम्प्युटर अडकतो.’

‘मग मशिनवर ७२० बाय १,४४० लिहिलंय ते?’

‘ते शाईचे थेंब. तुमच्या फोटोचा एक ठिपका रंगवायला चार शायांचे कितीतरी थेंब पडतात. त्याचा तुमच्या फाइलशी संबंध नाही.’

इतकं साधं स्पष्टीकरण मला तोवर कुठेच मिळालं नव्हतं. डीपीआय म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतो: मशिनचे थेंब आणि फोटोचे पिक्सेल. आपल्या हातात फक्त पिक्सेल असतात. थेंबांच्या बाबतीत विचारायचं असेल तर मशिन किती फेऱ्यांत छापणार ते विचारा, कारण घाईच्या छपाईत फेऱ्या कमी करतात आणि सपाट रंगात आडवे पट्टे दिसू शकतात.

एक प्रश्न मात्र उरला. ४१.७ चा फोटो तसाच द्यायचा, की थोडा मोठा करून? त्यासाठी मी नमुना छापून घेतला, आणि सगळ्या प्रक्रियेत माझ्या मते सर्वांत उपयोगी पडलं ते हेच. दर चौरस फुटावर असतो, त्यामुळे दोन चौरस फुटांच्या पट्टीचा खर्च ७२ चौरस फुटांच्या बॅनरच्या छत्तिसाव्या भागाएवढाच होता. बॅनरवर आजोबांचा चष्मा जेवढा मोठा येणार तेवढाच, खऱ्या आकारात, तो भाग पट्टीवर शेजारी शेजारी दोनदा घेतला. डावीकडे मूळ पिक्सेल, उजवीकडे तोच भाग दोन्ही बाजूंनी बरोबर दुप्पट केलेला, म्हणजे ८३ चा. दुप्पट करताना Bicubic Smoother निवडलं आणि नंतर कडांना अगदी हलकं शार्पनिंग दिलं. शार्पनिंग नेहमी शेवटच्या आकारावरच द्यायचं. आधी देऊन मग फोटो ताणला तर कडांभोवती पांढरी रेघही ताणली जाते.

पट्टी ४ फेब्रुवारीला मिळाली. दालनात भिंतीला चिकटवली आणि अडीच मीटरवर उभी राहिले. दोन्ही अगदी सारखे. हातभर अंतरावर गेल्यावर फरक दिसला: डाव्या चष्म्याच्या गोल फ्रेमला बारीक पायऱ्या होत्या, उजव्या फ्रेमची कड सलग होती, जरा पुसट पण सलग. आजोबांच्या भुवईचे केस दोन्हींत तेवढेच कमी. म्हणजे दुप्पट केल्याने बारकावा वाढत नाही, पायऱ्या मात्र जातात. उजवा पर्याय ठरला. त्याच पट्टीवर आणखी एक गोष्ट कळली. टेबलाखालच्या काळोख्या भागात रंगीत कण दिसत होते, मोबाइलवर ते कधीच जाणवले नव्हते. तेवढ्या भागावर नॉइज कमी करून घेतला.

नमुना छापणं शक्य नसेल तर स्क्रीनवरही अंदाज येतो. माझा मॉनिटर २४ इंची, १,९२० बाय १,०८० चा, म्हणजे दर इंचाला ९२ पिक्सेल. ९२ भागिले ४१.७, म्हणजे २२० टक्के झूम केला की फोटो बॅनरवर जेवढा येणार तेवढाच स्क्रीनवर दिसतो. मग खुर्ची मागे सारायची आणि अडीच मीटरवरून बघायचं. रंगांचा अंदाज यातून येत नाही, पण पिक्सेल दिसतात की नाही ते कळतं.

अक्षरांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती फोटोत मिसळू नयेत, व्हेक्टर म्हणजे पिक्सेलांऐवजी रेषांनी बनलेली ठेवावीत आणि कर्व्ह करावीत, म्हणजे फॉन्टचं रूपांतर नुसत्या आकारांत करावं. फोटो ३५ वर भागतो, पण ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ च्या वळणांत पायऱ्या फार लवकर डोळ्यात खुपतात, कारण सरळ कडेतला खंड आपली नजर फोटोतल्या बारकाव्यापेक्षा कितीतरी आधी पकडते.

मांडणी आमच्या वाचनालयातल्याच एका तरुण डिझायनरने केली. मोठ्या कामांच्या रिवाजाप्रमाणे त्याने फाइल एकास दहा प्रमाणात बनवली: १४.४ बाय ७.२ इंचांचं पान, छापताना दहापट. यात गैर काही नाही. पान दहापट लहान असलं की त्यावर फोटोचे पिक्सेल दहापट दाट बसतात, एवढंच. पार्श्वभूमी ८३३ वर, ग्रुप फोटो १,५०० वर. छापताना दोन्ही पुन्हा ८३ आणि १५० होतात.

११ फेब्रुवारीला त्याने अंतिम पीडीएफ पाठवली आणि ती फारच हलकी वाटली. नुसत्या पार्श्वभूमीचा जेपेग तिच्यापेक्षा मोठा होता. स्क्रीनवर पान उघडलं तर सगळं झकास दिसत होतं, कारण स्क्रीनला एवढे पिक्सेल लागतच नाहीत. पीडीएफच्या आतले फोटो खरोखर केवढे आहेत हे पाहायला पॉप्लर या मोफत संचातली एक आज्ञा आहे:

```
pdfimages -list banner.pdf
```

ती प्रत्येक फोटोची एक ओळ दाखवते. त्यातले `width`, `height` आणि `x-ppi`, म्हणजे रुंदी, उंची आणि पानावर दर इंचाला येणारे पिक्सेल, हे रकाने पाहायचे. पार्श्वभूमीपुढे ४,३२० बाय २,१६० होतं, ग्रुप फोटोपुढे १,०८० बाय ७२०, आणि दोघांच्याही `x-ppi` मध्ये ३००. आम्ही दिलेले १२,००० आणि ५,४०० पिक्सेल गायब.

डिझायनरला फोन लावला.

‘ताई, ३०० आहे म्हणजे चांगलंच की!’ तो म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी त्याचं त्यालाच उमगलं. ‘अरे, पण हे दहापट होणार.’

झालं होतं असं. मांडणीच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढताना High Quality Print हा तयार पर्याय निवडला की ४५० च्या वर असलेला प्रत्येक फोटो ३०० वर आणला जातो. खऱ्या आकाराच्या पानाला ते योग्यच आहे, वाया जाणारे पिक्सेल काढले जातात. पण सॉफ्टवेअरला आपलं पान दहापट होणार हे माहीत नसतं. त्याच्या लेखी ८३३ म्हणजे उधळपट्टी. दहापट केल्यावर ते ३०० होतात ३०. पार्श्वभूमी ३५ च्या खाली जाऊन कशीबशी निभावली असती, पण ग्रुप फोटोचं वाटोळं झालं असतं. त्यात एकेक चेहरा बॅनरवर साधारण दीड इंच रुंद येत होता. १५० वर अशा चेहऱ्याला २२५ पिक्सेल मिळतात, ३० वर ४५. पंचेचाळीस पिक्सेलांत माणूस ओळखू येतो, पण त्याच्याकडे दोन फुटांवरून बघवत नाही.

उपाय पीडीएफ काढायच्या चौकटीतच असतो. Compression या विभागात रंगीत आणि करड्या, दोन्ही प्रकारच्या चित्रांसाठी Do Not Downsample निवडायचं आणि जेपेगची गुणवत्ता Maximum ठेवायची. नवी फाइल कितीतरी जड झाली, पण `x-ppi` मध्ये ८३३ आणि १,५०० दिसले. एकास दहावर काम करत असाल तर हे आकडे दहाने भागून वाचायचे, आणि फाइल छापायला देण्याआधी एकदा तरी वाचायचे. इनडिझाइनमध्ये Links च्या यादीत Effective PPI दिसतो, पण तो पानावरच्या फोटोचा असतो. पीडीएफ काढताना काय कापलं गेलं ते तिथे कळत नाही.

ऑर्डरसोबत मी एक चिठ्ठी जोडली: अंतिम आकार १४४ बाय ७२ इंच, फाइल एकास दहा, १,००० टक्क्यांवर छापा, पानात बसवण्यासाठी आपोआप लहानमोठं करू नका. फॉर्मवरच्या रेझोल्यूशनच्या ओळीसमोर ‘प्रत्यक्ष आकारात ८३, ग्रुप फोटो १५०’ असं लिहिलं. काउंटरवरच्या मुलाने ते पाहून भुवया उंचावल्या, पण ऑपरेटरदादांनी आतून ‘चालेल’ म्हटल्यावर पावती फाडली. नमुन्याची पट्टीही त्यांच्याकडे ठेवली, रंग तिच्याशी जुळवायला.

बॅनर १८ तारखेला हातात आला. पार्श्वभूमी अडीच मीटरवरून स्वच्छ दिसते आणि हातभर अंतरावर मऊ होते, पट्टीवर दिसली होती तशीच. ग्रुप फोटोत पुढच्या दोन रांगा छान आल्या. मागच्या रांगेतले चेहरे पुसट आहेत, आणि तसे ते मूळ प्रिंटमध्येही आहेत. भिंग लावून पाहिलं, तिथे कॅमेऱ्याचा फोकसच पोचलेला नाही. त्या रांगेतली नावं आम्ही फोटोखाली व्हेक्टर अक्षरांत छापली आहेत, डावीकडून उजवीकडे या क्रमाने.